तर्काची तपासणी : 'हे नाही, म्हणून ते'

वैकल्पिक संवाक्याचा साचा सोपा आहे. 'क किंवा ख, क नाही, म्हणून ख.' साच्यात खोट नाही. खोट असलीच तर पहिल्या विधानात असते, आणि तिथे सहसा कुणी पाहत नाही. भौतिकशास्त्रातलं एक गाजलेलं प्रकरण घेऊ.

प्रकाश म्हणजे कण की लाटा, हा वाद जुना. पाण्यात शिरताना किरण वाकतो, हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. न्यूटनच्या मते पाणी कणांना आत ओढतं, म्हणजे तिथे त्यांचा वेग वाढायला हवा. लाटांच्या हिशोबाने तो घटायला हवा. हवेतला वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरला, तर पाण्यात न्यूटनप्रमाणे चार लाख आणि लाटांप्रमाणे सव्वादोन लाख. आरागोने 1838 मध्ये सुचवलं की दोन्ही वेगांची तुलनाच करावी. फिरत्या आरशाच्या साहाय्याने 1850 मध्ये फूकोने ती केली. पाण्यातला प्रकाश मागे पडला.

निष्कर्ष तयारच होता: कण नाहीत, म्हणून लाटा.

पण प्रयोगाने नेमकं काय खोडलं? 'पाणी ज्यांना ओढून वेग देतं असे कण', एवढंच. वेगळ्या नियमांनी वागणारे कण किंवा कुणाला न सुचलेलं तिसरंच काही, यांना प्रयोगाने हातही लावला नव्हता. पियेर दुएमने 1906 च्या आपल्या ग्रंथात यावरच बोट ठेवलं: कल्पनेत येऊ शकणारी सगळी गृहीतकं आपण मोजून संपवली, याची खात्री भौतिकशास्त्रज्ञाला कधीच नसते. पर्यायांची यादी हमखास पूर्ण हवी असेल, तर ती 'कण किंवा कण नव्हे' अशी करावी लागते. मग निष्कर्षही 'कण नव्हे' इतकाच निघतो. लाटा त्यातून निघत नाहीत. पूर्णतेची ही किंमत मोजायला फारसं कुणी तयार नसतं.

यादी पूर्ण आहे, हे झालं पहिलं गृहीतक. दुसरं गृहीतक याहून लबाड आहे. एक पर्याय खोडून दुसरा स्वीकारायला यादी पूर्ण असली की पुरते. दोन्ही पर्याय एकाच वेळी खरे असले तरी बिघडत नाही. पण उलट दिशेने, 'लाटा आहेत, म्हणून कण नाहीत' असं म्हणायचं, तर पर्याय परस्परांना वगळणारे असावे लागतात. व्यतिकरणाचे पट्टे दिसतात म्हणजे प्रकाश लाट आहे, आणि लाट आहे म्हणजे कण नाही, हा तर्क याच गृहीतकावर उभा होता. आइनस्टाइनने 1905 मध्ये प्रकाशविद्युत परिणामासाठी प्रकाश ऊर्जेच्या सुट्या पुड्यांनी येतो असं मांडलं, तेव्हा पट्टे काही पुसले गेले नाहीत. पुढे दोन्ही वर्णनं शेजारी-शेजारी ठेवावी लागली.

फूकोचा निकाल मात्र आजही बरोबर आहे. पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरच भरतो.