घास नाकारला जातो तेव्हा

अखेरच्या आजारात रुग्णाच्या उशाशी होणारे वाद पुष्कळदा औषधांवरून नसतात, ते अन्नावरून असतात. ज्या घरात अतिथीला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, त्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने घास नाकारला की कुटुंबाला तो स्वतःचाच पराभव वाटतो. ‘बाबा उपाशी राहून जात आहेत,’ हे वाक्य पुढे कित्येक वर्षे मनाला टोचत राहते. उपशामक उपचारांचे, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरचे, एक मोठे काम हा सल दूर करण्याचे आहे.

पुण्यात वारजे येथे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची अशी सेवा विनामूल्य करीत आहे. रुग्णासोबत घरातील एका व्यक्तीनेही तेथे राहावे आणि सुश्रूषा शिकून घ्यावी, अशी तेथील पद्धत आहे. रोग बरा होणार नाही हे निश्चित झाल्यावरही वेदना, धाप, मळमळ आणि भय यांवर पुष्कळ काही करता येते, हा या उपचारांचा पाया आहे.

उदाहरणादाखल, पेठेत दुकान असलेल्या सत्तरीतील एका गृहस्थांची कल्पना करावी. जठराचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला आहे. ते दिवसातील बहुतेक वेळ झोपून असतात आणि मुगाचे पाणीही दोन चमच्यांवर घेत नाहीत. थोरला मुलगा सलाईन लावण्याचा आग्रह धरतो. धाकटा कागदपत्रे घेऊन दुसऱ्या रुग्णालयात जाऊ पाहतो. सून तासातासाला पेज भरवू लागते आणि पत्नी अबोल झाली आहे.

अशा वेळी उपशामक उपचारांचे डॉक्टर प्रथम एक गोष्ट तपासतात, ती म्हणजे अन्न सुटण्यामागे बरे होण्याजोगे कारण तर नाही ना. जिभेवर आणि गालांच्या आत दह्याच्या साईसारखे पांढरे डाग असतील तर तो बुरशीचा संसर्ग असतो व औषधाने बरा होतो. चार-पाच दिवस शौचास झाली नसेल तर भूक मरते. वेदनेवरील मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच, म्हणून त्यासोबत पहिल्या दिवसापासून सारक औषध द्यावे लागते. रक्तातील कॅल्शियम वाढल्यानेही मळमळ आणि गुंगी येते. यांपैकी काही सापडले तर उपचार होतो आणि रुग्ण पुन्हा काही दिवस चवीने खाऊ शकतो.

यांपैकी काहीच नसेल, तर शरीर अन्न वापरण्याच्या पलीकडे गेलेले असते. रोगाने चयापचयच बदललेला असतो, त्यामुळे बळेच घातलेले अन्न अंगी लागत नाही. माणूस जेवत नाही म्हणून जात नसतो. तो जाण्याच्या वाटेवर असतो म्हणून त्याचे जेवण सुटते. हा कार्यकारणाचा क्रम ध्यानात आला की घरातील निम्मा अपराधभाव ओसरतो. या अवस्थेत रुग्णाला भूक सहसा जाणवत नाही. तहान म्हणून जे जाणवते ते बहुधा तोंडाचे कोरडेपण असते.

सलाईनचा प्रश्नही असाच आहे. अखेरच्या टप्प्यातील कर्करोगाच्या १२९ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज एक लिटर आणि काहींना केवळ १०० मिलिलिटर सलाईन देण्यात आले. थकवा, गुंगी वा आयुर्मान यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट, मूत्रपिंडे मंदावलेल्या देहात जास्तीचे पाणी पायांवर सूज, घशात घरघर आणि छातीत धाप होऊन साठू शकते. भरवताना खोकला येणे किंवा गिळल्यावर आवाज ओलसर होणे ही घास श्वासनलिकेत जात असल्याची खूण आहे. ती दिसताच भरवणे थांबवावे.

मग सुनेच्या हातांनी काय करावे? तोंडाची निगा. उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ सुती कापड बुडवून, पिळून, दर दोन तासांनी हिरड्या, जीभ आणि गाल आतून हलकेच पुसावेत. ओठांना तुपाचा पातळ हात लावावा. रुग्ण सावध असून मागत असेल तर त्याला बसते करून एक-दोन थेंब आवडीचे सरबत जिभेवर द्यावे. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. धाप लागल्यास खिडकी उघडावी आणि लहान पंख्याचा झोत चेहऱ्यावर येऊ द्यावा. घशात घरघर होऊ लागली तर कुशीवर वळवावे. त्या आवाजाचा त्रास रुग्णापेक्षा ऐकणाऱ्यालाच अधिक होतो.

जैन घरांत आणखी एक अडचण येते. चौविहार पाळणारे रुग्ण सूर्यास्तानंतर गोळी घेत नाहीत आणि पहाटे वेदनेने तळमळतात, कारण साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तासच टिकतो. नियम आधीच डॉक्टरांना सांगितला तर बारा तास परिणाम टिकणारी गोळी किंवा त्वचेवर लावायची, सुमारे तीन दिवस चालणारी फेंटानिलची पट्टी यांचा विचार होऊ शकतो. पट्टीचा परिणाम सुरू होण्यास बारा तास वा अधिक लागतात, म्हणून अचानक उठलेल्या वेदनेवर ती उपयोगाची नाही.

संथारा आणि अन्न सुटणे यांतील भेदही स्पष्ट असावा. संथारा हे सावध व्यक्तीने स्वेच्छेने, गुरू व कुटुंबाच्या अनुमतीने घेतलेले व्रत आहे; भूक मरणे ही देहाची प्रक्रिया आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याविरुद्ध दिलेल्या निर्णयास सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. रुग्णाची तशी भावना असेल तर ती शुद्धीत असतानाच त्याच्या तोंडून ऐकावी आणि कोणती औषधे त्याला चालतील हेही तेव्हाच विचारावे.

घरातील प्रत्येकाचे वागणे वेगळे का, याचे उत्तर शोकाच्या प्रवासात मिळते. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी मरणोन्मुख रुग्णांशी केलेल्या संवादांतून १९६९ साली नकार, राग, सौदा, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्था मांडल्या. त्या जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. कोणी एखादी अनुभवतच नाही, कोणी पुन्हा मागे येतो. वरील उदाहरणात धाकटा नकारात आहे, थोरला सलाईनच्या रूपाने मृत्यूशी सौदा करतो आहे आणि पत्नी खिन्नतेत बुडाली आहे. रुग्णाने मात्र कदाचित स्वीकार केलेला असतो. एकाच छताखाली चौघे चार ठिकाणी असल्याने भांडण होते. समुपदेशक कोणाला चूक ठरवत नाही. सर्वांना एकत्र बसवून तो विचारतो, ‘पुढचे काही दिवस बाबांना काय हवे आहे?’ बहुधा उत्तर साधे असते: वेदना नको, घरी राहायचे आहे, नवकार कानी पडावा.

अखेरच्या दिवसांत लघवी कमी व गडद होते, हातपाय गार पडतात, त्वचेवर जांभळट जाळी दिसते आणि श्वासात दीर्घ खंड पडू लागतात. या खुणा आधी सांगितलेल्या असल्या की मध्यरात्री रुग्णवाहिका बोलावण्याची धावपळ टळते. रुग्ण प्रतिसाद देत नसला तरी त्याला ऐकू येत असावे असे मानूनच जवळ बोलावे.

त्यानंतर घरातल्यांचा शोक उरतो. त्याला मुदत नसते. सणाच्या दिवशी किंवा दुकानातील रिकाम्या गादीपाशी तो पुन्हा उसळतो, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ उलटल्यावरही रोजचे व्यवहार थांबलेलेच असतील, किंवा जगणेच नको असे बोल कोणत्याही वेळी निघाले, तर डॉक्टरांकडे जावे. पत्नीच्या अबोल्याकडे या दृष्टीने सर्वांत आधी लक्ष द्यावे, कारण घरात पाहुण्यांची वर्दळ असेपर्यंत तो कोणाच्या लक्षात येत नाही.