बाजार समितीकडील गाळ्याचा प्रस्ताव : काही शब्द आणि एक क्रियारूप

‘आवारातील एक गाळा मला मिळावा, भाडे नियमाप्रमाणे भरण्यात येईल व व्यवसाय लवकरात लवकर सुरू करण्यात येईल.’ धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या कृषी उत्पन्न बाजार समितीकडे सोयाबीन व तूर चाळून प्रतवारी करण्यासाठी गाळा मागणाऱ्या मनुष्याने असे वाक्य लिहिले आहे, असे समजू. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. तथापि त्यात कोणता व्यवसाय, किती भाडे आणि केव्हापर्यंत, यांपैकी एकाचेही उत्तर नाही. आणि भाडे कोण भरणार, हेदेखील वाक्य सांगत नाही. ‘भरण्यात येईल’ या कर्तृहीन रचनेने ती जबाबदारी कोणाच्याच खांद्यावर ठेवलेली नाही.

हे लेखन ‘अर्ज’ आहे की ‘प्रस्ताव’, हा पहिला प्रश्न. अर्ज, मंजुरी, करार, ताबा, मुदत, अनामत ही सारी अरबी-फारसी वंशाची शब्दसंपत्ती. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व तेथील कारभाराची भाषा उर्दू होती, म्हणून हे शब्द त्या राजवटीचे देणे आहेत असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. पुण्याच्या पेशवे दप्तरातही ते पदोपदी भेटतात. ‘प्रस्ताव’ या संस्कृत शब्दाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आजच्या कारभारात तो इंग्रजी कायद्यातील एका कल्पनेचा वाहक बनलेला आहे. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमानुसार, दुसऱ्याची संमती मिळविण्याच्या हेतूने एखादी गोष्ट करण्याची किंवा न करण्याची आपली तयारी त्यास कळविणे म्हणजे प्रस्ताव. अर्जदार मागतो, प्रस्तावक मागतो आणि त्याच श्वासात बांधूनही घेतो. समितीची जाहीर सूचना ही बहुधा प्रस्ताव मागविणारे निमंत्रण असते. प्रस्ताव इच्छुकाकडून जातो, आणि समितीचा ठराव त्यास कळविला गेला म्हणजे स्वीकार होतो. हा स्वीकार निरपवाद असावा लागतो. ठरावात भाड्याचा आकडा बदलला, तर तो स्वीकार राहत नाही, उलट प्रस्ताव होतो.

येथे मराठीचे एक वैशिष्ट्य आडवे येते. आपले विध्यर्थी ‘-आवा’ रूप विनंती, इच्छा, कर्तव्य व योग्यता असे अनेक अर्थ एकाच प्रत्ययात वागविते. ‘समितीने छताची गळती काढून द्यावी’ हे वाक्य घ्या. लिहिणाऱ्याच्या मनात ती अट असते: गळती निघाली नाही तर मी गाळा घेणार नाही. वाचणाऱ्या सचिवास ती विनंती वाटते, आणि ठरावात तिचा उल्लेखही होत नाही. पावसाळ्यात धान्य भिजले म्हणजे दोघेही त्याच वाक्यावर बोट ठेवतात, आणि व्याकरण दोघांच्याही बाजूने साक्ष देते. ‘छताची गळती काढून दिल्यानंतरच मी ताबा घेईन व ताब्याच्या दिनांकापासून भाडे देईन’ असे लिहिले, तर शंकेस जागा उरत नाही. विनंतीसाठी विध्यर्थ, बांधिलकीसाठी प्रथमपुरुषी भविष्यकाळ आणि अटीसाठी ‘-ल्यानंतरच’ किंवा ‘तरच’, एवढा विवेक ठेवला तरी निम्मे काम होते. ‘मी देईन’ हे लिहिणे आपल्या लेखकांस उद्धटपणाचे वाटते. ‘देण्यात येईल’ मध्ये त्यांस सभ्यता दिसते. ही सभ्यता महाग पडते.

उद्देशाच्या बाबतीत अडचण नामांची आहे. ‘शेतीविषयक व्यवसाय’ या शब्दांत भुसार खरेदी, आडत, चाळणी, खतविक्री सारेच मावते. परंतु खतविक्रीस १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखालील स्वतंत्र अधिकारपत्र लागते, आणि बाजार आवारात खरेदी किंवा आडत करण्यास १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन अधिनियमाखालील परवाना लागतो. हा ‘परवाना’ शब्दच फसवा आहे. व्यापाराचा परवाना आणि जागा वापरण्याचा परवाना या दोहोंस व्यवहारात एकच शब्द चालतो. त्यामुळे गाळा मिळाला म्हणजे खरेदी करता येईल, किंवा व्यापारी परवाना असला म्हणजे गाळ्यावर हक्क आहे, असे दोन्ही बाजूंचे गैरसमज संभवतात. आपल्या उदाहरणातील मनुष्याने ‘शेतकऱ्यांचे सोयाबीन व तूर मोबदला घेऊन चाळणे व प्रतवारी करणे, खरेदी अथवा आडत नाही’ असे लिहावे. हा निषेध महत्त्वाचा, कारण आपण काय करणार नाही हे सांगितल्यावाचून उद्देशाची सीमा ठरत नाही.

शुल्काविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. ‘भाडे’ म्हटले की भाडेपट्टा सूचित होतो, ‘शुल्क’ म्हटले की केवळ वापराची अनुमती. शब्दाने हक्क ठरतो असे मात्र समजू नये. असोशिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या १९५९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दस्तऐवजाच्या नावापेक्षा त्याचे सार पाहिले पाहिजे असे म्हटले आहे. भाषाभ्यासकास हे थोडे बोचणारे आहे. पण आकड्यांपाशी आले की शब्दांची सत्ता पुन्हा प्रस्थापित होते. समजा, दरमहा ३,००० रुपये भाडे, नऊ वर्षांची मुदत व ‘दरवर्षी १० टक्के वाढ’ असे लिहिले. वाढ मूळ भाड्यावर धरली, तर नवव्या वर्षी भाडे ५,४०० रुपये होते. चालू भाड्यावर धरली, तर सुमारे ६,४३१ रुपये. महिन्याला हजारावर रुपयांचे अंतर एका गाळलेल्या विशेषणामुळे पडते. अनामतीचेही तसेच. ‘सहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत’ म्हणजे १८,००० रुपये, हे सरळ आहे; पण ती परत मिळणारी आहे की शेवटच्या महिन्यांच्या भाड्यात वळती होणारी, आणि भाड्याचा आकडा करासह आहे की कराव्यतिरिक्त, हे लिहावेच लागते.

राहिला काळ. ‘तीन महिन्यांच्या आत’ हे निश्चित वाटते, पण कशापासून तीन महिने? समितीचा ठराव, स्थावर मिळकत भाडेपट्ट्याने देण्यास लागणारी पणन संचालकांची पूर्वपरवानगी, एका वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी आणि प्रत्यक्ष ताबा हे चार वेगवेगळे दिवस असतात, आणि पहिल्यापासून शेवटापर्यंत काही महिने सहज निघून जातात. मुदत ठरावापासून मोजली, तर किल्ली हाती येण्यापूर्वीच ती संपू शकते. ‘दसऱ्यापर्यंत’ असे लिहिण्याची रीत गोड असली तरी करारात ती टाळावी. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. सोयाबीनची आवक ऐन भरात येण्याचा हाच काळ. तेव्हा हे बावीस दिवस चाळणीवाल्याच्या हंगामाचा बराच भाग होत.

वरील मनुष्याचे वाक्य आता असे लिहिता येईल: ‘गाळा शेतकऱ्यांचे सोयाबीन व तूर मोबदल्याने चाळण्यासाठी मी वापरीन, तेथे खरेदी अथवा आडत करणार नाही. नऊ वर्षांसाठी दरमहा ३,००० रुपये, कराव्यतिरिक्त, व दरवर्षी मूळ भाड्याच्या १० टक्के वाढ याप्रमाणे ताब्याच्या दिनांकापासून मी भाडे देईन. परत मिळण्याजोगी १८,००० रुपये अनामत करारावर सही होताना भरीन. छताची गळती काढून दिल्यानंतरच ताबा घेईन, आणि ताब्यापासून ३० दिवसांत यंत्र बसवून काम सुरू करीन. ताबा ३१ ऑगस्टपर्यंत न मिळाल्यास हा प्रस्ताव मागे घेतला असे समजावे.’ शेवटचे ‘समजावे’ तेवढे विध्यर्थी राहिले आहे. ते मी मुद्दाम ठेवले. विद्यार्थ्यांनी ते विनंती आहे की अट, याचा निर्णय करून पाहावा.