अर्धी माती, अर्धी हिरवळ

२ मे २००७ रोजी स्पेनमधल्या पाल्मा शहरात एक तऱ्हेवाईक टेनिस सामना झाला. जाळीच्या एका बाजूला लाल माती, दुसऱ्या बाजूला हिरवळ. मातीवर सलग ७२ सामने जिंकलेला राफाएल नदाल आणि हिरवळीवर सलग ४८ जिंकलेला रॉजर फेडरर आमनेसामने होते. नदाल जिंकला, पण तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये, अगदी निसटता.

टेनिस सामन्याचा भाव काढायला बसणाऱ्याला असं अर्ध्याअर्ध्याचं कोर्ट रोजच आखावं लागतं, कागदावर. जागतिक क्रमवारी त्याच्या फारशी कामाची नसते. तिच्यात गेल्या ५२ आठवड्यांतल्या स्पर्धांचे गुण असतात; कुणाला हरवलं याची तिला फिकीर नसते. म्हणून तो बुद्धिबळातली एलो पद्धत उसनी घेतो. तिथे प्रत्येकाला १५०० गुणांनी सुरुवात करून देतात. बलवानाला हरवलं तर घसघशीत गुण मिळतात, दुबळ्याला हरवलं तर चिमूटभर. जिंकणाऱ्याला जेवढे मिळतात, साधारण तेवढेच हरणाऱ्याचे जातात. दोघांच्या गुणांतल्या फरकावरून जिंकण्याची शक्यता निघते:

`P = 1 / (1 + 10^((B − A)/400))`

अ हा ब पेक्षा १०० गुणांनी पुढे असेल तर त्याची शक्यता ६४ टक्के. एकाला ०.६४ ने भागलं की १.५६ येतात. हा त्याचा रास्त भाव, म्हणजे एक रुपया लावणाऱ्याला जिंकल्यास मूळ रुपयासकट मिळायची रक्कम. बुकी अर्थात याहून कमीच देतो. दोन्ही खेळाडूंच्या भावांवरून शक्यता काढून बेरीज केली तर ती शंभराच्या वर जाते, आणि वरचा तुकडा त्याचा असतो.

इथवर सोपं आहे. खरी डोकेदुखी मैदानाची. मातीवर चेंडू मंदावतो आणि उंच उसळतो, हिरवळीवर खाली राहून सटकतो. त्यामुळे एकाच खेळाडूचे दोन खेळाडू होतात. यावर सरळ उपाय म्हणजे प्रत्येक मैदानाचं वेगळं एलो ठेवायचं आणि सामन्याच्या दिवशी एकूण एलो आणि त्या मैदानाचं एलो निम्मं-निम्मं मिसळायचं. टेनिसच्या आकडेवारीत मुरलेले जेफ सॅकमन यांनी हीच रीत रूढ केली, आणि ती बऱ्यापैकी चालते.

पण हिरवळीचा हंगाम जेमतेम पाचेक आठवड्यांचा असतो. समजा, एका तरुण खेळाडूचं एकूण एलो १९५० आहे. हिरवळीवर तो आजवर तीनच सामने खेळला, म्हणून तिथलं एलो १५०० वरून कसंबसं १५८० ला पोचलंय. समोर एक जुना गडी, दोन्हीकडे १८५०. निम्मं-निम्मं केलं तर तरुणाचे होतात १७६५, शक्यता ३८ टक्के आणि रास्त भाव २.६३. बाजारात त्याचा भाव १.७० दिसतो आणि नवशिक्याला वाटतं, बाजार चुकला, दुसऱ्यावर पैसे लावा! चुकलेला असतो तो स्वतः. ते १५८० हिरवळीवरची दुर्बलता सांगत नाहीत, नुसता अनुभव कमी आहे एवढंच सांगतात.

म्हणून मैदानाच्या एलोला किती मान द्यायचा हे सामन्यांच्या संख्येवर ठरवावं. न सामने झाले असतील तर न भागिले (न अधिक २०) एवढा वाटा द्यायचा, आणि निम्म्यावर गेला की तिथेच रोखायचा. तीन सामन्यांना १३ टक्के वाटा मिळतो. आपल्या तरुणाचे गुण आता १९०२, शक्यता ५७ टक्के, भाव १.७४. बाजाराशी असलेलं भांडण जवळजवळ मिटलं. यातला २० हा आकडा काही वेदवाक्य नाही. जुन्या सामन्यांवर वेगवेगळे आकडे लावून बघावं आणि ज्याने अंदाज सर्वांत कमी चुकतात तो ठेवावा. अट एकच: अंदाज बांधताना सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंतचीच माहिती वापरायची. नंतरचा एक निकाल जरी मागल्या दाराने आत शिरला, तरी कागदावर भरघोस नफा दिसतो आणि प्रत्यक्षात खिसा रिकामा होतो.

पुरुषांच्या ग्रँड स्लॅममध्ये आणखी एक दुरुस्ती लागते. एक सेट जिंकण्याची शक्यता ६० टक्के असेल तर तीन सेटांच्या सामन्यात ती ६५ होते, पाच सेटांच्या सामन्यात ६८. लांब सामना बलवानाच्या पथ्यावर पडतो.

दुखापतीवर मात्र सूत्र नाही. २०१६ च्या फ्रेंच ओपनमध्ये नदालने मनगटाच्या दुखण्यामुळे तिसऱ्या फेरीआधी माघार घेतली. असे न खेळलेले सामने हिशेबातून वगळायचे असतात, नाहीतर दुखण्याची नोंद दुबळेपणा म्हणून होते. पण आधीच्या फेरीत त्याचं मनगट दुखत होतं, हे गुणांना कळलं नव्हतं.

आणि २००९ मध्ये त्याच स्पर्धेत सलग ३१ सामने जिंकलेल्या नदालला रॉबिन सॉडरलिंगने हरवलं, तेव्हा नदालला ९५ टक्के देणारं गणित चुकलं म्हणायचं का? एका सामन्यावरून ते सांगता येत नाही. ज्या ज्या सामन्यांत गणिताने ९५ टक्के सांगितले ते शंभर सामने काढून बघायचे. त्यात पाचेक जण हरलेले दिसले तर गणित शाबूत आहे. एकही हरलेला नसेल, किंवा पंधरा हरलेले असतील, तर पुन्हा त्या २० च्या आकड्याकडे वळायचं.