उत्तर चित्राला की माणसाला?

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा मोबाइल घेऊन समोर बसला. "मामा, ती माझ्या प्रत्येक स्टोरीला रिप्लाय करते. विचारूनच टाकू का?" ती त्याच्याच ऑफिसातली. नकार आला, तर रोज शेजारच्या टेबलावर बसायचे कसे, हा विचार त्याच्या मनात नव्हता.

इन्स्टाग्रामवर स्टोरी आली २०१६ मध्ये. ती चोवीस तासांनी दिसेनाशी होते आणि तिला दिलेले उत्तर थेट खासगी संदेशांत जाऊन पडते. घोटाळा इथेच होतो. तो एकांत तिने मुद्दाम निवडलेला नसतो, सोयीने घडवलेला असतो. पाहणाऱ्याला मात्र ती कानात सांगितलेली गोष्ट वाटते. शिवाय आगीचे किंवा टाळ्यांचे चिन्ह पाठवायला एक स्पर्श पुरतो.

ही चूक मोबाइलच्या आधीची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँटोनिया ॲबी यांनी १९८२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी तरुण-तरुणी पाच मिनिटे बोलत आणि दुसरी जोडी लपून पाहत असे. तरुणीच्या साध्या मोकळेपणात पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक आकर्षण दिसले.

मग आम्ही दोघांनी महिन्याभराचे संदेश वाचले. तिची एकोणीस उत्तरे होती. त्यांतली अकरा नुसती चिन्हे. पाच उत्तरे स्टोरीतल्या वस्तूविषयी होती: तर्री पोहे कुठले, फुटाळ्यावर गर्दी होती का. उरलेली तीन थोडी लांबली आणि दोन-तीन वाक्यांत संपली. स्टोरी नसताना तिने आपणहून एकदाच लिहिले होते, तेही सुट्टीविषयी.

तरीही एक आकडा आमच्याजवळ नव्हता: ती इतरांना किती उत्तरे देते? भाच्याने ऑफिसातल्या दुसऱ्या मैत्रिणीला सहज विचारले. तिलाही तीच आगीची चिन्हे येत होती. एकोणीस हा आकडा आपल्यासाठी मोठा. तिच्या सवयीत तो साधा असू शकतो.

उलट पारडे कशाने जड झाले असते? स्टोरीचे निमित्त नसताना बोलणे सुरू झाले असते, चार दिवसांपूर्वी सांगितलेली गोष्ट तिने आठवणीने विचारली असती, दोघांनीच भेटू असे तिने सुचवले असते, तर. अर्थात लाजाळू माणूस यातले काहीच करत नाही, म्हणून ही चिन्हेही पुरावा नव्हेत. शेवटी विचारावेच लागते; फक्त नाही म्हणणे सोपे जाईल अशा बेताने.

भाच्याने प्रेमाचा उच्चार न करता रविवारी सकाळी पोहे खायला येतेस का, एवढेच विचारले. ती आली, सोबत त्या दुसऱ्या मैत्रिणीलाही घेऊन आली. भाचा समजला. सोमवारी दोघे नेहमीसारखे शेजारी बसले, आणि त्याच्या पुढच्या स्टोरीला पुन्हा आगीचे चिन्ह आले.