एकाच नावाचे दोन फोन

असे समजा, की आरमोरीच्या एका मुलीला तिच्या अमेरिकेतील मामाने मोबाइल फोन आणला. आपल्याकडे मिळतो त्याच नावाचा, त्याच रंगाचा. आरमोरीत तो छान चालला. पण कुरखेड्यापलीकडे जंगलातल्या आत्याच्या गावी पोचताच तो मुका झाला. आत्याचा स्वस्तातला फोन मात्र चालू होता! मनोरा एकच, सिमकार्डही एकाच कंपनीचे. मग असे का व्हावे?

फोन हा एक छोटा रेडिओच आहे. मनोऱ्याशी तो ठरावीक कंप्रतांच्या पट्ट्यांत, म्हणजे ‘बँड’मध्येच बोलतो. २१०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १४ सेंटीमीटर असते, तर ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची सुमारे ४३ सेंटीमीटर. लांब लहर झाडोऱ्यातून कमी क्षीण होते आणि दूरवर पोचते. म्हणून विरळ वस्तीच्या जंगलभागात ७००चा पट्टा सोयीचा. आरमोरीच्या मनोऱ्यावर दोन्ही पट्टे आणि आत्याच्या गावी फक्त ७००चा, असे धरू.

मामाच्या फोनवरही ‘७००’ होतेच. पण ७०० आणि ७०० सारखे नसतात! आपल्याकडील २८ क्रमांकाच्या पट्ट्यात फोन ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्‌झवर बोलतो आणि ७५८ ते ८०३वर ऐकतो. अमेरिकेतील १२ क्रमांकाच्या पट्ट्यात तो ६९९ ते ७१६वर बोलतो आणि ७२९ ते ७४६वर ऐकतो. म्हणजे आपले फोन जिथे बोलतात, तिथे तो कान लावून बसतो; मनोऱ्याचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. लहरी निवडणाऱ्या गाळण्या फोनच्या आत कायमच्या बसवलेल्या असतात. त्यामुळे दुरुस्तीवाल्याला नवी प्रणाली भरूनही हा दोष काढता येत नाही. रात्री कुणाला सर्पदंश झाला, तर त्या गावातून या फोनवरून १०८ क्रमांकही लागणार नाही.

अशी उदाहरणे खरोखर घडली आहेत. २०१२च्या आयफोन ५चा A1428 हा प्रकार ४जीसाठी फक्त ४ आणि १७ हे पट्टे जाणत असे. A1429च्या एका प्रकारात १, ३ आणि ५ हे पट्टे होते. भारतात उपयोगी पडतील असे पट्टे दुसऱ्यातच होते.

फरक पट्ट्यांपुरताच नसतो. २०२४च्या गॅलक्सी एस२४मध्ये भारतात एक्झिनॉस, तर अमेरिकेत स्नॅपड्रॅगन चिप होती. २०२२चा वनप्लस १०टी भारतात १५० वॉटने, तर घरगुती वीज कमी व्होल्टची असलेल्या अमेरिकेत १२५ वॉटने चार्ज होई. पण चार्जिंग थोडे हळू झाले, तर फार बिघडत नाही; पट्टा नसला, तर फोनच अडतो.

म्हणून परदेशातून फोन मागवताना नावावर जाऊ नका. खोक्यावरचा किंवा सेटिंग्जमधील मॉडेल क्रमांक विचारा, कंपनीच्या तक्त्यात तोच क्रमांक शोधा आणि आपल्या गावच्या मनोऱ्याचे पट्टे त्यात आहेत का, ते ताडून पाहा. आत्याच्या गावासाठी त्यात २८ हा आकडा हवाच!