परिषदेचे निमंत्रणपत्र: कोणता खर्च कोणाचा?

आंतरराष्ट्रीय परिषदेत शोधनिबंध स्वीकारला गेला की आयोजक परदेशी वक्त्याला निमंत्रणपत्र पाठवतात. हे पत्र वक्त्याच्या हाती येत असले, तरी त्याचा खरा वाचक व्हिसा अधिकारी असतो. प्रवासाचे कारण काय, मुक्काम किती दिवसांचा आणि त्याचे पैसे कोण देणार, हे त्याला कागदावरून पटावे लागते. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी अर्जदाराला हेतू, निवास, पुरेसा पैसा आणि परतण्याचा इरादा यांचे पुरावे द्यावे लागतात. निमंत्रणपत्र यांतील पहिल्या तीन गोष्टींना थेट आधार देते.

पुण्यातील एक पीएच.डी. विद्यार्थिनी हायडेलबर्गमधील परिषदेला निघाली आहे, असे समजू. परिषद ९ ते १२ सप्टेंबर २०२६ अशी चार दिवसांची आहे. ती ८ तारखेला पोहोचणार आणि १३ ला परत निघणार. शेंगेनच्या नियमानुसार प्रवेशाचा आणि परतीचा असे दोन्ही दिवस मुक्कामात मोजले जातात, म्हणून तिचा मुक्काम सहा दिवस आणि पाच रात्रींचा होतो. आयोजकांनी नुसत्या परिषदेच्या तारखा लिहून ‘परिषदेच्या काळातील निवास आमच्याकडे’ असे म्हटले, तर त्यात तीनच रात्री बसतात. ८ आणि १२ तारखेच्या रात्रींचा खर्च कोणाच्याच नावावर राहत नाही. म्हणून पत्रात कार्यक्रमाच्या तारखा आणि निवासाच्या तारखा वेगवेगळ्या लिहिलेल्या बऱ्या.

संस्थेच्या लेटरहेडवरील अशा पत्रात आधी वक्त्याचे पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख व पासपोर्ट क्रमांक, मग निबंधाचे शीर्षक, सादरीकरणाचा दिवस आणि परिषदेचे स्थळ येते. त्यानंतरचा खर्चाचा परिच्छेद साधारण असा असावा: ‘नोंदणी शुल्क माफ केले आहे. ८ ते १३ सप्टेंबर या पाच रात्रींच्या निवासाचे पैसे आम्ही थेट हॉटेलला देऊ. परिषदेच्या चारही दिवशी दुपारचे जेवण आमच्याकडून मिळेल. विमानभाडे वक्त्याचे विद्यापीठ देईल. व्हिसा शुल्क, प्रवास विमा आणि इतर खर्च वक्ता स्वतः करील.’ शेवटी जबाबदार व्यक्तीची सही, हुद्दा आणि संपर्क असतो.

‘प्रवासखर्च देऊ’ या एका वाक्यापेक्षा असे वेगळे लिहिणे उपयोगी ठरते, कारण प्रत्येक बाबीला जोडीचा कागद लागतो. विमानभाडे विद्यापीठाच्या नावावर असेल, तर विद्यापीठाचे मंजुरीपत्र हवे. स्वतःचा खर्च असेल, तर बँकेचे स्टेटमेंट हवे. विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते आणि ते सर्व शेंगेन देशांत व पूर्ण मुक्कामात लागू असावे लागते.

सर्वांत जास्त घोटाळा परताव्यात होतो. ‘पावत्या दाखवल्यावर परिषदेनंतर रक्कम परत करू’ असे पत्र म्हणत असेल, तर अर्ज करताना ते पैसे हातात नसतात. तिकीट आधी स्वतःच्या खिशातूनच काढावे लागते. त्यामुळे तेवढी रक्कम अर्जदाराच्या खात्यात दिसली पाहिजे. परताव्याची कमाल मर्यादाही पत्रात लिहिलेली असावी, म्हणजे वरचा भार कोणावर हे उघड होते. अनेक परिषदा तर ‘या पत्रातून आर्थिक मदतीची हमी मिळत नाही’ असे स्पष्ट नमूद करतात. असे पत्र हेतूचा पुरावा म्हणून चालते, पण पैशाचा पुरावा पूर्णपणे वेगळा द्यावा लागतो.

यजमानाने खर्चाची कायदेशीर हमी द्यायची असेल, तर जर्मनीत साधे पत्र पुरत नाही. त्यासाठी परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयात औपचारिक हमीपत्र करावे लागते. त्यात पाहुण्याच्या निर्वाहाबरोबरच आजारपणाच्या खर्चाचीही जबाबदारी येते.

परिषद संपल्यावर विद्यार्थिनी चार दिवस पॅरिसला जाणार असेल, तर ते दिवस आयोजकांच्या जबाबदारीत येत नाहीत. त्यांची हॉटेलची नोंद आणि खर्च तिने स्वतः दाखवायचा. अर्जातील परतीची तारीख त्यामुळे १७ होते आणि विमाही तोपर्यंतचा लागतो. पत्रात १३, तिकिटावर १७ आणि मधल्या दिवसांबद्दल काहीच नाही, असे दिसले की शंका येते. प्रवासाचा हेतू आणि परिस्थिती पटली नाही किंवा पुरेशा पैशाचा पुरावा नाही, ही दोन्ही कारणे नकाराच्या ठरावीक फॉर्मवर छापलेलीच असतात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि सर्वसाधारणपणे १५ दिवस आधीपर्यंत द्यावाच लागतो. म्हणजे ८ सप्टेंबरच्या प्रवेशासाठी ८ मार्च ते २४ ऑगस्ट. निर्णयाला सामान्यतः १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. म्हणून पत्र जूनपर्यंत हातात आलेले बरे. ते आल्यावर लगेच नाव, तारखा आणि खर्चाची प्रत्येक ओळ तिकीट, विमा व मंजुरीपत्राशी ताडून पाहिली, तर चूक आयोजकांकडून दुरुस्त करून घ्यायला वेळ उरतो.