‘नाहीतरी मिळणारच नव्हतं’: गरीब देशांतल्या प्लासिबो चाचण्या, गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समध्ये चाललेली एक औषधचाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. कारण आनंदाचं होतं. एचआयव्हीची लागण झालेल्या गरोदर बायकांना एझेडटी हे औषध दिलं तर बाळाचा बचाव होतो का, हे या चाचणीत पाहिलं जात होतं. निम्म्या बायकांना औषध मिळत होतं, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला हुबेहूब तशीच पण आत औषध नसलेली गोळी. प्लासिबो घेणाऱ्या आयांच्या शंभरातल्या साधारण २५ बाळांना लागण झाली, एझेडटी घेणाऱ्यांच्या फक्त ८ बाळांना. हे आकडे हाती आल्यावर कुणालाही प्लासिबो देत राहणं शक्यच नव्हतं. काही महिन्यांतच एझेडटी हा अमेरिकेतला शिफारस केलेला उपचार झाला.

त्यानंतरच्या तीन वर्षांत आफ्रिका, थायलंड आणि कॅरिबियन भागात याच प्रश्नावर नव्या चाचण्या उभ्या राहिल्या. सप्टेंबर १९९७ मध्ये पीटर लुरी आणि सिडनी वुल्फ या दोन अमेरिकी डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांचा हिशेब मांडला. विकसनशील देशांतल्या १६ चाचण्यांपैकी १५ चाचण्यांत काही किंवा सगळ्या बायकांना विषाणूरोधक औषध मिळणार नव्हतं. त्यांत १७,००० हून अधिक बायका होत्या आणि नऊ चाचण्यांना अमेरिकी सरकारचाच पैसा होता. नियतकालिकाच्या कार्यकारी संपादक मार्शा एंजेल यांनी तर या प्रकाराची तुलना टस्कीगीशी केली. तिथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून आजार कसा वाढतो ते पाहिलं गेलं होतं. या वादाने गरीब देशांतल्या चाचण्यांचे नियम बदलले, पण त्याभोवतीचे गैरसमज अजून टिकून आहेत.

गैरसमज : प्लासिबो देणं म्हणजेच फसवणूक.

वस्तुस्थिती : ज्या चाचणीने एझेडटीचा गुण सिद्ध केला तीही प्लासिबोचीच होती आणि तिच्यावर कुणी बोट ठेवलं नाही. बाळाला वाचवणारा कुठलाच उपचार तोवर माहीत नव्हता. एझेडटीने फायदा होईल की गर्भाला अपाय होईल, हेही खात्रीने सांगता येत नव्हतं. त्यामुळे प्लासिबो गटातल्या बाईपासून कुणी काही हिरावून घेत नव्हतं. अनेक चाचण्यांत नेहमीचा उपचार सगळ्यांनाच देतात आणि त्याच्या जोडीला कुणाला नवं औषध, कुणाला प्लासिबो मिळतं. तिथेही आक्षेपाला जागा नसते.

पेच पडतो तो गुणकारी उपचार सापडल्यानंतर. उपचार आहे, न घेतल्यास गंभीर किंवा कायमचं नुकसान होणार आहे, आणि तरीही एका गटाला रिकामी गोळी मिळते, तेव्हा प्रश्न उभा राहतो.

गैरसमज : त्या बायकांना नाहीतरी औषध मिळणारच नव्हतं, म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही.

वस्तुस्थिती : चाचण्यांच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद हाच होता आणि तो पोकळ नव्हता. अमेरिकेत सिद्ध झालेला उपचार उचलून आफ्रिकेतल्या आबिदजान किंवा कंपालामध्ये नेणं सोपं नव्हतं. त्या उपचारात गरोदरपणाच्या चौदाव्या ते चौतिसाव्या आठवड्यांदरम्यान सुरू करून दिवसातून पाच वेळा गोळ्या द्यायच्या होत्या, बाळंतपणात शिरेतून औषध द्यायचं होतं आणि पुढे सहा आठवडे बाळालाही. नुसत्या औषधाचा खर्च सुमारे ८०० डॉलर. जिथे बायका दवाखान्यात पहिल्यांदा येतात त्याच शेवटच्या महिन्यांत, आणि दरडोई सरकारी आरोग्यखर्च काही डॉलरचा, तिथे हे बसणार कसं? म्हणून थोड्या दिवसांचा, स्वस्त उपचार शोधायचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या बैठकीने त्यासाठी प्लासिबो चाचण्यांचीच शिफारस केली होती. युगांडातल्या संशोधकांनीही या चाचण्यांची बाजू घेतली. त्यामुळे हा सरळसरळ गोऱ्यांविरुद्ध काळ्यांचा झगडा नव्हता.

तरीही ‘नाहीतरी मिळणार नव्हतं’ या वाक्यात एक गोष्ट झाकली जाते. औषध न मिळण्याचं कारण शरीरात नव्हतं, किमतीत होतं. आणि चाचणी सुरू होते तेव्हा संशोधक वाटसरू राहत नाही. तो त्या बाईची तपासणी करतो, तिचं रक्त घेतो, तिच्या बाळाचा निकाल नोंदवतो. चाचणीपुरतं औषध आणणं त्याच्या आवाक्यात असतं, कारण दुसऱ्या गटासाठी ते आणलेलंच असतं. गावात उपचार नाही ही परिस्थिती त्याने घडवलेली नसली, तरी तिच्यावर चाचणीची आखणी बेतायचा निर्णय त्याचाच असतो.

गैरसमज : प्लासिबोशिवाय खात्रीचं उत्तर मिळत नाही.

वस्तुस्थिती : याच मालिकेतल्या थायलंडमधल्या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की दोन्ही बाजू दिसतात.

बँकॉकमध्ये अमेरिकी रोगनियंत्रण केंद्र आणि थाई आरोग्य मंत्रालयाने १९९६-९७ मध्ये ३९७ बायकांवर चाचणी केली. एका गटाला ३६ व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा एझेडटी आणि प्रसूतीकळा सुरू झाल्यावर दर तीन तासांनी एक मात्रा, दुसऱ्या गटाला प्लासिबो. बाळांना अंगावरचं दूध द्यायचं नव्हतं. प्लासिबो गटात लागणीचं प्रमाण १८.९ टक्के निघालं, औषधाच्या गटात ९.४ टक्के. बाळांच्या संख्येत सांगायचं तर ३७ आणि १८. उत्तर लवकर आणि स्वच्छ मिळालं. फेब्रुवारी १९९८ मध्ये ते जाहीर होताच इतर चाचण्यांमधले प्लासिबो गट बंद करण्यात आले. पण दोन गटांमधल्या १९ बाळांच्या फरकाने या उत्तराची किंमतही सांगितली.

दुसरी चाचणी हार्वर्डच्या गटाची, मार्क लालमाँ यांच्या नेतृत्वाखाली. लुरी-वुल्फ यांच्या यादीतली सोळावी, अपवाद ठरलेली चाचणी हीच. तिच्यात प्रत्येक बाईला एझेडटी मिळत होतं, फरक फक्त किती दिवस यात होता. आईला आणि बाळाला दोघांनाही अगदी कमी दिवस औषध देणाऱ्या गटात लागण १०.५ टक्के दिसली आणि जास्त दिवसांच्या गटात ४.१ टक्के, तेव्हा तो कमी दिवसांचा गट मध्येच थांबवला गेला. २००० साली आलेल्या तिच्या निकालांवरून कळलं की गरोदरपणात औषध लवकर सुरू केलं तर बाळाला ते थोडेच दिवस देऊनही चालतं. हे ज्ञान प्लासिबोच्या चाचणीतून मिळालंच नसतं, कारण तिचा प्रश्नच वेगळा होता. ‘काहीच न देण्यापेक्षा हे बरं आहे का?’ असं ती विचारते. ‘महागड्या उपचाराच्या जवळपास जाईल असं स्वस्त काय?’ हे गरीब देशाला हवं असलेलं उत्तर दुसऱ्या तऱ्हेच्या चाचणीतून येतं. अर्थात त्याला माणसं जास्त लागतात, इथे १,४०० हून अधिक बायका लागल्या, आणि वेळही जातो. प्लासिबोचं आकर्षण बरेचदा याच बचतीत असतं.

आखणी बदलता येते याचा आणखी एक दाखला २००१ चा. अमेरिकेतल्या डिस्कव्हरी लॅबोरेटरीज कंपनीने अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांसाठीचं सर्फॅक्सिन हे औषध लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांत तपासायचं ठरवलं होतं. जीव वाचवणारी तशीच औषधं आधीपासून उपलब्ध असताना ३२५ बाळांना औषधाविना ठेवायची योजना होती. ‘पब्लिक सिटिझन’ या संस्थेने ती उघड केल्यावर प्लासिबो वगळण्यात आलं आणि तुलना प्रचलित औषधाशी झाली.

गैरसमज : सही किंवा अंगठा घेतला की संमती झाली.

वस्तुस्थिती : आबिदजानमधल्या एझेडटी चाचणीत भाग घेतलेल्या बायकांशी १९९७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा वार्ताहर बोलला. आपल्याला मिळणारी गोळी रिकामी असू शकते हे काहींना कळलेलंच नव्हतं. लागण झाल्याची बातमी कानावर पडते त्याच सुमाराला पुढ्यात आलेला कागद, समोर डॉक्टर, आणि मोफत तपासणीचा दुसरा मार्ग नाही, अशा वेळी होकार सहज मिळतो. समज तपासायची तर समजावून सांगितलेलं बाईने आपल्या शब्दांत परत सांगायला हवं. ‘तुला कोणती गोळी मिळेल?’ याला ‘डॉक्टर माझ्यासाठी योग्य ती देतील’ असं उत्तर आलं, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी होणार आहे हे तिला उमगलेलं नाही.

गैरसमज : हे सगळं आफ्रिकेत, आपल्याकडे नाही.

वस्तुस्थिती : उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करुग्णालयाच्या सहभागाने १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. यात गोळी नव्हती, पण प्लासिबो गटासारखाच एक गट होता. त्यातल्या ३१,४८८ स्त्रियांना आजाराची माहिती दिली गेली, तपासणी कुठे होते ते सांगितलं गेलं, मात्र अभ्यासातर्फे तपासणी झाली नाही. आठ वर्षांत त्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया गेल्या. एचपीव्ही चाचणी केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात ३४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू इतके घटतात हा निष्कर्ष जगभर वापरला गेला. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयातर्फे आणि तमिळनाडूत दिंडिगलला असेच अभ्यास झाले. एरिक सूबा या अमेरिकी डॉक्टरांनी तिन्ही मिळून तपासणी न झालेल्या गटांतले २५४ मृत्यू मोजले आणि पॅप चाचणीचा उपयोग पश्चिमेत अनेक दशकं दिसलेला असताना असा गट कशाला, असं विचारलं. भारतात तपासणीचा सरकारी कार्यक्रमच नव्हता, म्हणून ‘नेहमीची सेवा’ म्हणजे काहीच नाही, असं संशोधकांचं उत्तर होतं. म्हणजे पुन्हा आबिदजानचाच युक्तिवाद.

गैरसमज : आता नियम कडक आहेत, म्हणून प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : जागतिक वैद्यक संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात २००० साली म्हटलं गेलं की नवा उपचार सिद्ध झालेल्या सर्वोत्तम उपचाराशीच पडताळावा. दोनच वर्षांत त्याला पुरवणी जोडावी लागली : भक्कम शास्त्रीय कारण असेल तर प्लासिबो चालेल. पुढच्या आवृत्त्यांनी त्या सवलतीला मर्यादा घातली, ती ही की उपचार न मिळाल्याने गंभीर किंवा न भरून येणारं नुकसान होण्याचा वाढीव धोका नसावा. पण जाहीरनामा कायदा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये परदेशी चाचण्यांसाठी त्याचा आधार सोडून औषध उद्योग आणि नियामकांनी मिळून ठरवलेली कार्यपद्धती स्वीकारली.

भारतात २०१९ चे नवी औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम लागू आहेत. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. प्रचलित उपचार उपलब्ध असूनही तो न देता प्लासिबो दिल्यामुळे झालेलं नुकसानही भरपाईच्या कारणांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे अशा चाचणीवर सरसकट बंदी नाही, तिची किंमत ठरवलेली आहे. ती वसूल व्हायची तर सहभागी माणसाजवळ संमतीपत्राची प्रत हवी, तिच्यावर नैतिकता समितीचा संपर्क हवा आणि एक नोंद हवी : प्लासिबो गटातल्या माणसाची तब्येत बिघडली तर त्याला खरं औषध कोण, किती दिवसांत देणार.